कर्जकरार व गहाणखताची तपासणी: कसूर, एकरकमी मागणी आणि लिलाव

उद्योगासाठी कर्ज घेताना कर्जदार बहुधा व्याजदर आणि हप्ता पाहून सही करतो. घर किंवा जमीन जाण्याची वाट मात्र कसुरीच्या कलमातून जाते, म्हणून वाचायला सुरुवात तिथूनच करावी.

वेंगुर्ल्याकडच्या एका काजू कारखान्याचे कल्पित उदाहरण घेऊ. कर्ज २० लाख, व्याज साडेदहा टक्के, मुदत ७ वर्षे. म्हणजे महिन्याला सुमारे ३४ हजारांचा हप्ता. उन्हाळ्यात कच्चा काजू भरण्यात सगळा पैसा अडकतो आणि गराची विक्री पुढे हळूहळू होते. अशा वेळी जूनचा हप्ता थकला. करारात ‘कोणताही हप्ता देय तारखेस न भरल्यास कसूर’ एवढेच लिहिले असेल, तर दुसऱ्याच दिवशी कसूर झाली आणि पुढच्या कलमाप्रमाणे बँक उरलेले सगळे कर्ज एकदम मागू शकते. ३४ हजारांची अडचण लाखांची होते. त्यामुळे सहीपूर्वी दोन गोष्टी लिहून मागाव्यात: लेखी सूचनेनंतर थकबाकी भरायला किमान ३० दिवस, आणि हंगाम पाहून ठरवलेले हप्ते. ‘बँकेच्या मते धंद्याची स्थिती बिघडल्यास’ हे शब्द काढून घेता आले तर उत्तमच. दुसरे एखादे कर्ज थकले म्हणून हेही थकले असे मानणारे कलम असेल, तर घरातल्या पीककर्जाचाही विचार करावा.

करारातली कसूर आणि सरफेसी कायद्याखालची (२००२) कारवाई यांत फरक आहे. या कायद्याने न्यायालयात न जाता तारण ताब्यात घ्यायचे, तर आधी खाते एनपीए, म्हणजे अनुत्पादक, व्हावे लागते. मुदत कर्जात हप्ता ९० दिवसांहून अधिक थकल्यावर तसे होते. मग ६० दिवसांची नोटीस येते. तिला लेखी हरकत घेतल्यास बँकेने १५ दिवसांत उत्तर द्यायचे असते. ताब्याच्या कारवाईविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणात ४५ दिवसांत दाद मागता येते.

कोकणात तारणाचा प्रश्न वेगळा आहे. शेतजमिनीला हा कायदा लागू नाही, म्हणून लागती आंब्याची बाग त्यातून सुटू शकते; फक्त सातबारावरची नोंद नव्हे, प्रत्यक्ष वापरही पाहिला जातो. कारखान्यासाठी बिनशेती केलेल्या तुकड्याला ही सूट मिळत नाही. सूट असली तरी गहाण राहतेच, बँक दिवाणी दावा लावू शकते. सातबारा सामाईक असेल तर कोणाचा हिस्सा गहाण पडतो, हे गहाणखतात स्पष्ट हवे.

शेवटी पत्त्याचे कलम. करारात गावच्या घराचा पत्ता असतो आणि माणसे मुंबईत. नोटीस बंद दाराला चिकटवली जाते, वर्तमानपत्रात छापून येते, आणि ६० दिवस सरतात. लिलावाची सूचना प्रसिद्ध झाली की पैसे भरून तारण सोडवण्याचा या कायद्याखालचा हक्कही संपतो. म्हणून मुंबईचा पत्ता आणि ईमेल करारातच घालून घ्यावा, आणि पत्ता बदलला की लेखी कळवून पोच ठेवावी.