बहुदिवसीय कार्यक्रमाच्या रेकॉर्डिंगला किती जागा लागेल? तासाचा हिशोब आधी मांडा
कॅमेरे आणि कार्ड भाड्याने घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

बुकिंग करताना सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, “फोर-के शूट करायचंय, तीन दिवस आहेत, किती कार्ड देता?” ह्या प्रश्नाचं उत्तर एवढ्या माहितीवर देता येत नाही. फोर-केचं एक तासाचं रेकॉर्डिंग एका सेटिंगवर ४५ जीबीत बसतं, तर दुसऱ्यावर त्यालाच २२० जीबी लागतात. चित्राचा आकार दोन्हीकडे तोच असतो. फरक पडतो तो कॅमेरा दर सेकंदाला किती डेटा लिहितो त्याने, म्हणजेच बिटरेटने. त्यामुळे आधी बिटरेट बघायचा आणि मग बाकीचं ठरवायचं.

एकच गुणाकार

कॅमेऱ्याच्या मेनूत रेकॉर्डिंग सेटिंगच्या शेजारी 50M, 100M, 200M असा आकडा दिसतो. तो सेकंदाला इतके मेगाबिट असं सांगतो. इथे बिट आणि बाइट यांची गल्लत होते आणि अंदाज आठ पटींनी चुकतो, कारण ८ बिट मिळून १ बाइट होतो. १०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला १२.५ मेगाबाइट. तासात ३,६०० सेकंद, म्हणजे ४५,००० मेगाबाइट, म्हणजेच ४५ जीबी. दर वेळी एवढं सगळं करत बसायला नको. पडद्यावरच्या आकड्याला ०.४५ ने गुणलं की तासाला किती जीबी लागतील ते मिळतं.

| सेटिंग | सेकंदाला मेगाबिट | तासाला जीबी |
|---|---|---|
| फुल एचडी | ५० | २२.५ |
| फोर-के, २५ फ्रेम | १०० | ४५ |
| फोर-के, ५० फ्रेम | २०० | ९० |
| फोर-के, ऑल-आय | ४०० | १८० |
| फोर-के, २५ फ्रेम, प्रोरेस ४२२ | ४९२ | २२१ |

पहिल्या चार ओळींतले आकडे कॅमेऱ्यागणिक थोडे बदलतात, म्हणून तुमच्या कॅमेऱ्याच्या मेनूतलाच आकडा धरा. ऑल-आयमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे पूर्ण लिहिली जाते, तर नेहमीच्या पद्धतीत मागच्या-पुढच्या फ्रेमच्या तुलनेत जे बदललं तेवढंच मुख्यतः लिहिलं जातं. ऑल-आय इतकी जागा खातं ते म्हणूनच. त्याचा एडिटिंगला फायदा आहे, पण दिवसभर चालणाऱ्या भाषणांच्या रेकॉर्डिंगला आम्ही ते सहसा सुचवत नाही.

घड्याळाचे तास आणि चालू कॅमेऱ्याचे तास

कार्यक्रम सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, म्हणजे आठ तास, असं धरून सगळ्या कॅमेऱ्यांना आठने गुणलं तर हिशोब फुगतो. मंचासमोर स्टँडवर लावलेला कॅमेरा जेवणाची सुट्टी सोडून जवळपास सलग चालतो. हातात घेऊन फिरणारा कॅमेरा मात्र दिवसभरात दोन-अडीच तासांपेक्षा जास्त चालू नसतो. म्हणून कार्यक्रमपत्रिका समोर ठेवा आणि प्रत्येक कॅमेऱ्यापुढे त्याचे स्वतःचे तास लिहा.

एक उदाहरण पूर्ण करून बघू. तीन दिवसांची परिषद आहे. मंचासमोर दोन कॅमेरे आहेत, एक वक्त्यावर आणि एक पूर्ण मंच दाखवणारा. दोन्ही फोर-के, २५ फ्रेम, १०० मेगाबिटवर, रोज ७ तास. तिसरा फिरता कॅमेरा ५० फ्रेमवर, २०० मेगाबिटने, रोज अडीच तास. मिक्सरवरून आवाज घ्यायला आठ ट्रॅकचा वेगळा रेकॉर्डर.

मंचासमोरचा एक कॅमेरा दिवसाला ७ × ४५ = ३१५ जीबी घेतो, दोन मिळून ६३०. फिरता कॅमेरा २.५ × ९० = २२५. आवाज ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर आठ ट्रॅकचा असला तरी तासाला सव्वाचार जीबीच्या आतच राहतो, म्हणजे दिवसाला साधारण २९. एकूण झाले ८८४ जीबी. तीन दिवसांचे २,६५२. कार्यक्रम लांबतात, मध्येच कुणाचा सत्कार निघतो, कुणाची मुलाखत घ्यावी लागते, म्हणून वर २० टक्के धरा. आकडा येतो सुमारे ३,१८० जीबी. ह्याला ४ टीबीची एक डिस्क पुरते, पण आम्ही दोन घ्यायला सांगतो. एकच प्रत असलेलं रेकॉर्डिंग आमच्या लेखी अजून सुरक्षित झालेलं नसतं.

हेच मंचासमोरचे दोन कॅमेरे प्रोरेस ४२२ वर टाकले, तर त्या दोघांचेच तीन दिवसांत ९,२८२ जीबी होतात. मग ४ टीबीच्या डिस्कचा विषयच संपतो.

जागा कमी करायची झाली की बहुतेक जण पूर्ण मंच दाखवणारा कॅमेरा एचडीवर आणायला निघतात. आमचं मत उलट आहे. त्याच कॅमेऱ्याच्या चित्रातून नंतर एखाद्या वक्त्याचा जवळचा भाग कापून घेता येतो आणि त्यासाठी फोर-के हवंच. त्यापेक्षा फिरता कॅमेरा २५ फ्रेम, १०० मेगाबिटवर आणा आणि ५० फ्रेम फक्त स्लो मोशन हवं असेल तेवढ्याच शॉटला लावा. त्यातून तीन दिवसांत सव्वातीनशे जीबींच्या आसपास वाचतात आणि चित्राचं काही बिघडत नाही.

दहा मिनिटांची चाचणी

मेनूतला आकडा ही बहुतेक कॅमेऱ्यांत कमाल किंवा सरासरी मर्यादा असते. काळ्या पडद्यापुढे एकटा वक्ता उभा असेल तर फाइल लहान होते. मागे एलईडी स्क्रीन सतत हलत असेल, समोर गर्दी असेल, तर ती मर्यादेला टेकते. म्हणून कार्यक्रमाच्या आधी ठरलेल्या सेटिंगवर दहा मिनिटं रेकॉर्ड करा. स्थिर भिंतीवर कॅमेरा रोखून नको, रहदारी किंवा वाऱ्यात हलणारं झाड घ्या. फाइलचा आकार सहाने गुणला की तासाचा खरा आकडा मिळतो. १०० मेगाबिटला दहा मिनिटांत साधारण ७.५ जीबी अपेक्षित आहेत. बरेच जास्त आले तर सेटिंग तुम्हाला वाटतं ते नाही, असं समजा.

इथे एक बारीक फसगत आहे. विंडोजमध्ये तीच फाइल ६.९८ जीबी दिसेल, कारण विंडोज जीबी १,०२४ च्या पटीत मोजतं आणि कार्ड-डिस्क बनवणारे १,००० च्या पटीत. त्यामुळेच २५६ जीबीचं कार्ड विंडोजवर २३८ दिसतं आणि ४ टीबीची डिस्क ३.६४. दोन्ही आकडे एकाच पद्धतीचे घेतले तर काही अडचण नाही. फाइलचा आकार विंडोजवरून आणि डिस्कची क्षमता खोक्यावरून घेतली, तर मात्र जागा सुमारे ७ टक्के कमी पडते.

रोज सकाळी बघायचा एक आकडा

एका तीन दिवसांच्या कार्यक्रमात दुसऱ्या दिवशी आमचीच धावपळ झाली होती. आदल्या संध्याकाळी आमच्या माणसाने स्लो मोशनच्या दोन शॉटसाठी वक्त्यावरचा कॅमेरा ५० फ्रेमवर नेला आणि सेटिंग परत आणायचं राहून गेलं. चित्र पडद्यावर नेहमीसारखंच दिसत होतं, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. जेवणाच्या सुट्टीत बदलायचं ठरलेलं कार्ड त्याच्या आधीच, एका वक्त्याच्या भाषणात भरलं. दुसऱ्या कॅमेऱ्यामुळे भाषण हुकलं नाही, पण वक्त्याचा जवळचा शॉट दोन मिनिटं गेला तो गेलाच.

तेव्हापासून आम्ही रोज सकाळी कार्ड फॉरमॅट केल्यावर पडद्यावरची उरलेली मिनिटं एका वहीत लिहितो. २५६ जीबीच्या कार्डावर १०० मेगाबिटला ती ३४० च्या थोडी खाली असायला हवीत. १७० च्या आसपास दिसली तर कॅमेरा दुप्पट डेटा लिहितोय. हे कळायला पाच सेकंद पुरतात. ह्याच आकड्यावरून कार्ड कधी बदलायचं तेही ठरतं. सात तासांना एक कार्ड पुरत नाही, म्हणून दोन द्यायची आणि पहिलं भरायची वाट न बघता जेवणाच्या सुट्टीतच बदलायचं.

कार्डाचा वेगही इथेच तपासा. ४०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला ५० मेगाबाइट, आणि V30 लिहिलेलं कार्ड फक्त ३० ची हमी देतं. अशा कार्डावर रेकॉर्डिंग सुरू होईलही, पण मध्येच थांबू शकतं. ह्या सेटिंगला V60 हवं.

रात्रीची कॉपी

जागा मोजली, पण वेळ मोजला नाही, तर संध्याकाळी अडकायला होतं. आपल्या उदाहरणातले ८८४ जीबी सेकंदाला १२० मेगाबाइटने डिस्कवर जायला दोन तासांहून थोडे जास्त लागतात. कॉपी बरोबर झाली का हे सॉफ्टवेअरने तपासून घ्यायचं, तर तेवढाच वेळ पुन्हा. म्हणजे सहाला कार्यक्रम संपला तर दहा वाजून जातात, आणि तेसुद्धा मध्ये कुणी कार्ड बदलायला हजर असेल तर. वेगवान एसएसडी घेतली तरी साध्या कार्डाचा वाचनाचा वेग शंभराच्या आसपासच अडतो. त्यामुळे आम्ही दोन रीडर देतो आणि सुट्टीत निघालेली कार्डं दुपारीच कॉपीला लावायला सांगतो. संध्याकाळी मग निम्मंच काम उरतं.

कार्ड पुन्हा फॉरमॅट करण्याआधी दोन्ही डिस्कवर शेवटची फाइल उघडा आणि तिचं शेवटचं मिनिट चालवून बघा. अर्धवट राहिलेली कॉपी बहुतेक वेळा तिथेच उघडी पडते.

बुकिंगच्या वेळी प्रत्येक कॅमेऱ्याचं सेटिंग, तो रोज किती तास चालू असेल आणि कॉपी करायला संध्याकाळी कोण थांबणार आहे, एवढं आम्हाला कळवा. कार्ड आणि डिस्कची यादी आम्ही काढून देतो. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी कॅमेरा नेता आला तर दहा मिनिटांची चाचणी तुमच्यासमोर करून, आलेला आकडा त्याच यादीवर लिहून देऊ.