रिकामी ओळ म्हणजे शून्य नव्हे

आयफोनवर नवं ॲप उघडलं की तुमचा माग काढू द्यायचा का, असा प्रश्न येतो. आपण 'नको' म्हणतो आणि समजतो की आता आपण पाहिलेल्या जाहिरातीचा हिशेबच बंद झाला. हा समज चुकीचा आहे. हिशेब होतो, फक्त तो वेगळ्या वाटेने जातो, आणि ती वाट मला फार आवडते.

एप्रिल २०२१ मध्ये आयओएस १४.५ सोबत हा प्रश्न सक्तीचा झाला. त्याआधी प्रत्येक फोनचा एक जाहिरात-क्रमांक ॲपना न विचारता वाचता येई. जाहिरात कोणी दाबली आणि खरेदी कोणी केली, या दोन याद्या त्या क्रमांकावरून जुळवल्या जात. परवानगी नाकारली की तो क्रमांक मिळत नाही. मग जुळवाजुळव करायची कोणी? ॲपलने ते काम खुद्द फोनकडे दिलं. या सोयीचं नाव एसके-ॲड-नेटवर्क.

फोनला माहीत असतं की अमुक जाहिरातीवरून हे ॲप आलं. वापरणाऱ्याने पुढे काय केलं ते ॲप फोनला सांगतं, पण सहाच बिटांत. सहा बिट म्हणजे चालू-बंद होणारी सहा बटणं, एकूण ६४ स्थिती, ० ते ६३. एवढ्याशा जागेत काय मावतं ते पाहू. समजा, एका शिकवणीच्या ॲपने पहिली तीन बटणं खरेदीच्या रकमेच्या आठ टप्प्यांसाठी ठेवली आणि उरलेली तीन अनुक्रमे 'मित्राला बोलावलं', 'धडा संपवला' आणि 'नोंदणी केली' यांसाठी. एकाची स्थिती 101 011 झाली. 1 म्हणजे चालू, 0 म्हणजे बंद, आणि तिघांच्या गटात बटणांची किंमत डावीकडून ४, २, १. पहिल्या तिघांचे ४ + १ = पाच, आणि हा गट वरच्या जागेवर असल्याने ५ × ८ = ४०; उरलेल्या तिघांचे २ + १ = ३; बेरीज ४३. या एका आकड्यात खरेदीचा टप्पा, संपवलेला धडा आणि नोंदणी एवढं सगळं आलं. नाव, फोन, तारीख मात्र आली नाही.

मूळ पद्धतीत आकडा बदलला की २४ तासांचं घड्याळ नव्याने सुरू होतं. ते संपलं की फोन आणखी ० ते २४ तास मनाला येईल तेवढा थांबतो आणि मगच जाहिरात नेटवर्कला निरोप धाडतो. वेळेवरून माणूस ओळखता येऊ नये, म्हणून हा विलंब. निरोपातल्या तीन ओळी अशा असतात:

```
"campaign-id": 42,
"conversion-value": 43,
"redownload": false
```

आता खरी गोम. एखाद्या मोहिमेतून आलेली माणसं फारच थोडी असतील, तर त्या गर्दीत एकटा माणूस उठून दिसेल. म्हणून ठरावीक उंबरठ्याखाली मधली ओळ फोन पाठवतच नाही. हा उंबरठा किती, ते ॲपलने जाहीर केलेलं नाही. ओळ नसली की तक्त्यात जागा रिकामी राहते, आणि बेरीज करणारा तिला शून्य धरतो.

हिशोब मांडून बघा. मोठ्या मोहिमेतून ५०० इन्स्टॉल आले, ५० निरोप आकड्याविना, उरलेल्या ४५० पैकी ४५ जणांनी खरेदी केली. दुसरी मोहीम अनेक छोट्या तुकड्यांत विभागलेली होती. १०० इन्स्टॉल, ८० आकड्याविना, उरलेल्या २० पैकी ४ खरेदीदार. रिकामं म्हणजे शून्य धरलं तर पहिली ९ टक्के, दुसरी ४ टक्के. दुसरी बंद करा, असाच निष्कर्ष निघतो. पण दिसलेल्यांपुरतं बघितलं तर पहिली १० टक्के आणि दुसरी २० टक्के! यातलं काहीच ठामपणे घेऊ नका. आकड्याविना आलेल्यांपैकी कोणीच विकत घेतलं नाही ते सगळ्यांनीच घेतलं, इतकी शक्यता धरली तर पहिलीचं खरं उत्तर ९ ते १९ टक्क्यांत आहे आणि दुसरीचं ४ ते ८४ टक्क्यांत. म्हणजे दुसरीबद्दल आपल्याला काहीच कळलेलं नाही.

म्हणून तक्त्यात रिकाम्या निरोपांचा वेगळा रकाना हवाच. तो फुगलेला दिसला तर तुकडे एकत्र करावेत, म्हणजे गर्दी वाढून आकडे उघडतात. २०२२ मध्ये आलेल्या एसके-ॲड-नेटवर्कच्या चौथ्या आवृत्तीत गर्दी कमी असली तरी ६४ ऐवजी निदान 'कमी, मध्यम, जास्त' एवढं कळण्याची सोय झाली. अगदीच थोडी माणसं असतील तर तेही मिळत नाही.

हरवलेला डेटा शंभर टक्के परत आणून देतो, असा दावा कोणी केला तर त्यावर विश्वास ठेवू नका. जी ओळ फोनमधून बाहेरच पडली नाही, ती कोणालाही वाचता येत नाही. तो एक तर अंदाज विकतोय, किंवा फोनचं मॉडेल, आयपी पत्ता यांवरून चोरून माणूस ओळखतोय, आणि तेही ॲपलच्या नियमांत बसत नाही.

एकूण विक्री किती झाली, हे मात्र ॲपवाल्याच्या स्वतःच्या वहीत पक्कं असतं. एखाद्या भागात काही आठवडे जाहिरात थांबवायची, दुसऱ्या तशाच भागात चालू ठेवायची आणि वहीतला फरक बघायचा. कोणाचाही माग न काढता जाहिरातीने किती खरेदी वाढवली ते यातून मोजता येतं, फक्त दोन्ही भागांतली विक्री आधीपासून सारखी वर-खाली होत होती ना, ते आधी तपासून घ्यावं लागतं.