नियंत्रण लूपमधील हेलकावे : रोजच्या नोंदींवरून निदान

प्रवाह, तापमान, दाब किंवा पातळी ठरलेल्या आकड्यावर धरून ठेवणारा लूप त्या आकड्याभोवती सतत वरखाली होऊ लागला, तर कारण बहुधा तीनपैकी एक असते. कंट्रोल व्हॉल्व्ह घर्षणामुळे अडकून झटक्याने सुटत असतो, कंट्रोलरचे ट्यूनिंग, म्हणजे तो किती जोराने प्रतिसाद देतो याची जुळणी, बिघडलेले असते किंवा दुसऱ्या एखाद्या लूपचा हेलकावा इथपर्यंत पोचलेला असतो. पडद्यावरचा ट्रेंड वरवर पाहिला तर तिन्ही सारखेच दिसतात, उपाय मात्र पूर्ण वेगळे आहेत. म्हणून चालू प्रक्रियेला धक्का न लावता, आधीच साठलेल्या नोंदींवरून ही कारणे वेगळी करण्याच्या पद्धती विकसित झाल्या.

मराठवाड्यात याची गरज साखर कारखान्यांत जाणवते. लातूर, धाराशिव, बीड, जालना भागातले कारखाने गाळप हंगामात रात्रंदिवस चालतात. चाचणीसाठी व्हॉल्व्ह मुद्दाम हलवून पाहू द्यायला पाळीप्रमुख सहसा तयार नसतो, आणि व्हॉल्व्ह खोलायचा तर तो बंद हंगामातच. कोणता व्हॉल्व्ह खोलायचा, हे मात्र हंगाम चालू असतानाच ठरवता येते. त्यासाठी तीन नोंदी लागतात: सेटपॉइंट म्हणजे तो ठरलेला आकडा, मोजलेले मूल्य आणि कंट्रोलरने व्हॉल्व्हला दिलेला आउटपुट. लूप ऑटोवर होता की मॅन्युअलवर, ही चौथी नोंद असेल तर काम बरेच सोपे होते.

हे एका उदाहरणावर पाहू. आकडे नमुन्यादाखल घेतलेले आहेत. रोज २,५०० टन गाळपाच्या कारखान्यात चोथ्यात उरलेला रस काढण्यासाठी शेवटच्या मिलवर इम्बिबिशनचे पाणी सोडणारा लूप आहे. मीटरची मर्यादा ताशी ५० घनमीटर आणि सेटपॉइंट ३० आहे. कंट्रोलर पीआय प्रकारचा आहे: त्याचा प्रपोर्शनल भाग चुकीच्या, म्हणजे सेटपॉइंट आणि मोजलेले मूल्य यांतल्या फरकाच्या, प्रमाणात आउटपुट लगेच बदलतो आणि इंटिग्रल भाग चूक टिकेल तोवर तो सरकवत राहतो. त्याचा गेन, म्हणजे प्रतिसादाचा जोर, ०.४ आणि इंटिग्रल वेळ २० सेकंद आहे. आउटपुट १ टक्का हलला की प्रवाह मर्यादेच्या १.२ टक्के हलतो. गळती थांबवण्यासाठी कुणीतरी दांडीभोवतीचे ग्लँड पॅकिंग जास्त आवळले आहे. त्यामुळे आउटपुट ३ टक्के सरकेपर्यंत व्हॉल्व्हची दांडी जागची हलत नाही आणि मग एकदम तेवढीच उडी मारते.

अशी प्रत्येक उडी प्रवाह ३.६ टक्क्यांनी बदलते. त्यामुळे प्रवाह सेटपॉइंटच्या कधी १.८ टक्के वर, कधी तेवढाच खाली राहतो, म्हणजे २९.१ आणि ३०.९ घनमीटर. नेमका ३० तो कधीच होत नाही, कारण व्हॉल्व्हला मधली जागा घेताच येत नाही. उडीनंतर चूक उलट्या दिशेची होते. प्रपोर्शनल भाग आउटपुटला लगेच १.४४ टक्के सरकवतो, आणि उरलेले १.५६ टक्के इंटिग्रल भाग सेकंदाला ०.०३६ टक्के या गतीने पुरे करतो. त्याला सुमारे ४३ सेकंद लागतात. मग पुढची उडी, आणि पुन्हा तेच. पूर्ण हेलकावा ८७ सेकंदांचा.

हेलकावा आहे हे आधी यंत्राने ओळखावे लागते, कारण शेकडो लूपचे ट्रेंड रोज डोळ्यांनी पाहणे कुणालाच शक्य नाही. टोरे हेग्लुंड यांनी १९९५ मध्ये मांडलेली पद्धत यासाठी आजही पुरेशी आहे. चूक एकदा शून्य ओलांडते तिथपासून पुन्हा ओलांडेपर्यंत तिच्या आलेखाखालचे क्षेत्रफळ काढायचे आणि ते एका मर्यादेशी ताडायचे. १ टक्का आयामाचा, इंटिग्रल वेळेइतक्या आवर्तनकाळाचा हेलकावा सोसायचा असे धरले, तर आपल्या लूपसाठी ही मर्यादा ६.४ येते. प्रत्यक्षात प्रत्येक अर्ध्या हेलकाव्याचे क्षेत्रफळ १.८ गुणिले ४३, म्हणजे ७७ च्या आसपास भरते. इंटिग्रल वेळेच्या ५० पट काळात, इथे १,००० सेकंदांत, अशा १० पेक्षा जास्त घटना झाल्या तर लूप हेलकावतो असे मानतात. आपल्या लूपमध्ये त्या २३ होतात.

कारण शोधताना पहिली खूण आकाराची. अडकणाऱ्या व्हॉल्व्हमुळे प्रवाहाचा आलेख चौकोनी होतो, आणि आउटपुट लहानशी पायरी चढून तिरका सरकत राहतो. ट्यूनिंग बिघडले असेल तर दोन्ही आलेख गोलसर, लाटांसारखे असतात. आउटपुट आडव्या अक्षावर आणि प्रवाह उभ्या अक्षावर मांडला, की व्हॉल्व्हच्या दोषात कडा असलेली चौकट दिसते आणि तिची रुंदी साधारण अडकण्याइतकी, इथे ३ टक्के, भरते.

अलेक्झांडर होर्च यांनी १९९९ मध्ये दुसरी खूण दिली. आउटपुट आणि मोजलेले मूल्य यांपैकी एकाला पुढेमागे सरकवत दोघांचे साम्य दाखवणारा क्रॉस-कोरिलेशन आलेख शून्य विलंबाभोवती विषम असेल, म्हणजे दोघांत पाव हेलकाव्याचे अंतर असेल, तर दोष व्हॉल्व्हचा. आलेख सम असेल, म्हणजे दोघे बरोबर उलट दिशेने हलत असतील, तर ट्यूनिंगचा किंवा बाहेरून आलेल्या धक्क्याचा. पण आपल्या लूपमध्ये प्रपोर्शनल भाग इतका मोठा आहे की ही विषमता ० ते १ मध्ये मोजणारा निर्देशांक ०.४४ च्या आसपास येतो. ०.३३ पर्यंत सम आणि ०.६७ च्या पुढे विषम, अशी या चाचणीची वाटणी आहे. ०.४४ या मधल्या पट्ट्यात पडतो, म्हणून चाचणी निर्णय देत नाही. तेव्हा एकाच निर्देशांकावर विसंबून कुणी व्हॉल्व्हला निर्दोष ठरवू नये.

आता ऑपरेटरने हेलकावा घालवण्यासाठी गेन ०.२ वर आणला असे समजा. इंटिग्रलची गती निम्मी होते आणि प्रपोर्शनलची पायरीही निम्मी, म्हणून अर्धा हेलकावा ४३ वरून १२७ सेकंदांवर जातो. प्रवाह मात्र २९.१ आणि ३०.९ मध्येच फिरत राहतो. दोष ट्यूनिंगचा असता तर गेन कमी करताच हेलकावा विरला असता. इथे तो फक्त मंदावला, आणि छोट्या खिडकीतल्या ट्रेंडवर तो गेल्यासारखा वाटतो. व्हॉल्व्ह अडकत असल्याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरा क्वचितच मिळतो, आणि तो जुन्या नोंदींतच पडून असतो: ट्यूनिंग बदलल्याची वेळ शोधायची आणि आधीनंतरचा आयाम व आवर्तनकाळ ताडायचा. होर्च यांचा निर्देशांकही आता ०.७३ च्या आसपास येतो आणि व्हॉल्व्हकडे बोट दाखवतो.

बाहेरचा धक्का वेगळा काढायला लूप मॅन्युअलवर असतानाच्या नोंदी पाहाव्यात. गाळप अडखळते तेव्हा, गाळायला ऊस नसल्याने ‘नो केन’ची वेळ येते तेव्हा, ऑपरेटर अनेक लूप मॅन्युअलवर घेतोच. गाळप पुन्हा सुरू झाल्यावर, लूप अजून मॅन्युअलवर असतानाही हेलकावा तसाच चालू राहिला तर त्याचे मूळ लूपबाहेर आहे, थांबला तर लूपमध्येच.

या सगळ्याला नोंदींचा दर्जा लागतो. मिनिटाला एकच नमुना साठवला तर ८७ सेकंदांचा हेलकावा सव्वातीन मिनिटांचा भासतो आणि चौकोनी आकारही हरवतो. साठवणूक वाचवण्यासाठी केलेले कॉम्प्रेशन आलेखाला सरळ रेषांत मोडते आणि अडकलेल्या व्हॉल्व्हसारखा खोटा आकार तयार करू शकते. संशयित लूपची नोंद काही तासांसाठी तरी कॉम्प्रेशनशिवाय, दर सेकंदाला घ्यावी.

रसाच्या टाकीच्या किंवा बॉयलर ड्रमच्या पातळीला वरचे नियम जसेच्या तसे लावता येत नाहीत. पातळी ही प्रवाहाची बेरीज असल्याने चौकोनी प्रवाहाची तिथे त्रिकोणी पातळी होते. होर्च यांची चाचणीही अशा लूपसाठी नाही.

व्हॉल्व्ह दोषी ठरला आणि हंगाम संपायला अवकाश असेल, तर चूक २ टक्क्यांच्या आत असताना इंटिग्रल थांबवण्याची सोय कंट्रोलरमध्ये करता येते. आपल्या लूपमधली चूक १.८ टक्के आहे, म्हणून हेलकावा थांबतो. त्या बदल्यात प्रवाह सेटपॉइंटपासून ०.९ घनमीटर दूर राहतो, आणि पॅकिंग सैल करून दांडी साफ होईपर्यंत तो तसाच चालवावा लागतो.