नाकाबंदी व वाहन कागदपत्र तपासणी (सोलापूर)

पोलिसांनी रस्त्यावर वाहन थांबवून चालकाचा परवाना आणि गाडीची कागदपत्रे पाहणे म्हणजे कागदपत्र तपासणी. ती ठरावीक जागी अडथळे लावून केली तर तिला नाकाबंदी म्हणतात. सोलापुरात पुणे-हैदराबाद महामार्ग आणि विजापूर, अक्कलकोटकडचे रस्ते एकत्र येतात. त्यामुळे इथल्या तपासणीत एमएच १३ च्या दुचाकींबरोबर कर्नाटक आणि तेलंगणातल्या गाड्याही सापडतात. शहरात पोलीस आयुक्तालयाची वाहतूक शाखा आणि हद्दीबाहेर ग्रामीण पोलीस तपासणी करतात. परिवहन खात्याची, म्हणजे आरटीओची, पथके वेगळी असतात आणि त्यांचा रोख मुख्यतः मालवाहू व प्रवासी वाहनांवर असतो.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३० नुसार गणवेशातल्या कोणत्याही पोलिसाने मागितल्यास चालकाने परवाना दाखवलाच पाहिजे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १३९ खाली आरसी, विमा, पीयूसी आणि व्यावसायिक वाहन असल्यास फिटनेस व परमिटही मागता येते. हीच कागदपत्रे मोबाइलवर दाखवली तरी चालतात. १ ऑक्टोबर २०२० पासून अशी स्पष्ट तरतूद आहे की, इलेक्ट्रॉनिक पद्धतीने खरी ठरलेल्या कागदपत्राची छापील प्रत मागायची नाही.

गोंधळ नेमका इथेच होतो. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये सरकारी नोंदीतून आलेला परवाना ग्राह्य धरला जातो. परवान्याचा फोटो काढून गॅलरीत ठेवला, किंवा तोच फोटो डिजिलॉकरमध्ये स्वतः अपलोड केला, तर त्याला तो दर्जा मिळत नाही. गावाबाहेर रेंज गेली की अ‍ॅप उघडत नाही, म्हणून निघण्यापूर्वीच ते उघडून पाहिलेले बरे.

दाखवणे, जप्त करणे आणि गाडी अडकवून ठेवणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे चालकाने पक्के ध्यानात ठेवावे. कागद खोटा वाटला, किंवा चालक समन्स टाळेल असे वाटले, तर कलम २०६ खाली परवाना घेता येतो, पण त्याची पोचपावती द्यावी लागते. ती पावती मागून घ्यावीच. परवाना परत मिळेपर्यंत गाडी चालवण्यासाठी तोच आधार असतो. कलम २०७ खाली गाडी ताब्यात घेण्याची कारणे मोजकी आहेत: परवाना नसणे, चालक अल्पवयीन असणे, नोंदणी नसणे किंवा आवश्यक परमिट नसणे. गाडीची किल्ली काढून घेण्याचा उल्लेख कायद्यात नाही. तरीही रस्त्यावर किल्लीसाठी झटापट करू नये, कारण साध्या दंडाचे प्रकरण त्यातून सरकारी कामात अडथळ्यापर्यंत जाते. दारू प्यायल्याचा संशय आल्यास श्वासाची चाचणी घेता येते, आणि ती नाकारल्यास अटकही होऊ शकते.

एक नमुना पाहू. जुळे सोलापुरातला तरुण मोठ्या भावाची मोटारसायकल घेऊन अक्कलकोटला निघाला. नाक्यावर हवालदाराने हात केला, "गाडी बाजूला घ्या, लायसन दाखवा." त्याने गाडी कडेला लावून बंद केली, हेल्मेट काढले आणि डिजिलॉकर उघडून परवाना दाखवला. आरसी भावाच्या नावावर आहे एवढ्याने गुन्हा होत नाही. पण हवालदाराने यंत्रात गाडीचा नंबर टाकला तर विमा संपलेला दिसला. भावाने आदल्याच संध्याकाळी विमा भरला होता, आणि नवी पॉलिसी सरकारी नोंदीत चढायला कधी कधी वेळ लागतो. "साहेब, कालच भरलाय. पॉलिसी मागवून दाखवतो, पाच मिनिटं द्या," असे म्हणून त्याने भावाकडून पीडीएफ मागवली. इथे पाहायचे ते पॉलिसी सुरू होण्याची तारीख आणि वेळ. पैसे काल भरले असले तरी संरक्षण आज मध्यरात्रीनंतर सुरू होणारे असू शकते, आणि तपासणीच्या क्षणी ते चालू असणे महत्त्वाचे. मुदत संपल्यावर पुन्हा काढलेल्या पॉलिसीत तर हे हमखास तपासावे.

विमा खरोखरच नसता तर कलम १९६ खाली पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, २,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. बहुतेक प्रकरणे तडजोड रकमेवर मिटतात, पण ती घेण्याचा अधिकार राज्य सरकारने नेमून दिलेल्या अधिकाऱ्यालाच असतो. ई-चलान घ्यावे आणि त्यावरचे कलम, ठिकाण, वेळ वाचावी. गुन्हा मान्य नसेल तर जागेवर पैसे भरण्याची सक्ती नाही, ते प्रकरण न्यायालयात लढवता येते. या तरुणालाही पॉलिसी चालू असताना चलान मिळाले असते, तर पॉलिसीची प्रत जोडून वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक अ‍ॅपवर तक्रार करता आली असती.

पावतीशिवाय 'मिटवून टाका' असा सूर निघाला तर शांतपणे चलान मागावे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. बळजबरीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तपास यंत्रणेकडे कळवणाऱ्याला संरक्षण आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा दूरध्वनी १०६४ आहे.