पंचनामा आणि जबाब: साक्षीदार कुठे उभा होता, हे कोणत्या कागदात लिहायचं?

तपासाचे कागद वाचताना एकच घोळ पुन्हा पुन्हा समोर येतो. साक्षीदाराचं म्हणणं पंचनाम्यात घुसतं आणि पंचनाम्यातली मोजमापं साक्षीदाराच्या तोंडी घातली जातात. दोन्ही कागद खर्‍या माणसांचे, खर्‍या घटनेचे असतात, तरी उलटतपासणीत दोन्ही लंगडे पडतात.

पंचनाम्याचं फार सांगायला नको. पंच, मोजपट्टी, चतुःसीमा, जप्त वस्तू, सह्या. जबाब म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८० खाली नोंदवलेलं साक्षीदाराचं म्हणणं, पूर्वीचं १६१. त्यावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते, कलम १८१ तसं स्पष्ट सांगतं. तरी सही घेतली जाते, आणि ते मला अजिबात पटत नाही.

अडतं ते पुढच्या गोष्टीवर. पंच घटनेच्या वेळी तिथे नसतात. ते नंतर येतात आणि त्यांना झाड, बांध, विहीर, रक्ताचे डाग दिसतात. साक्षीदार त्या वेळी कुठे उभा होता हे त्यांनी पाहिलेलं नसतं. म्हणून 'या कडुलिंबाखालून साक्षीदाराने मारहाण पाहिली' हे वाक्य पंचनाम्यात आलं, की ते पंचांचं निरीक्षण राहत नाही, पोलिसांनी ऐकलेलं म्हणणं होतं. नकाशावर तशी खूण केली तरी तेच. तोरी सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नकाशातली अशी, साक्षीदारांच्या सांगण्यावरून केलेली नोंद पुरावा म्हणून धरली नाही. नकाशात कडुलिंब दाखवावा, बांधापासूनचं अंतर लिहावं आणि तिथेच थांबावं.

रावेरकडच्या केळीच्या बागेतलं एक प्रकरण कल्पून बघा. पाण्याच्या पाळीवरून दिवस मावळताना दोन शेतकर्‍यांचं भांडण झालं, एकाचं डोकं फुटलं. त्या वेळी सालदार बागेत ठिबकच्या नळ्या तपासत होता. त्याचा जबाब बहुतेक वेळा असा लिहिला जातो: 'मी घटनास्थळापासून १५ मीटरवर हजर असताना आरोपीने जिवे ठार मारण्याची धमकी देऊन लाकडी दांडक्याने मारहाण केली.' सालदार कधी मीटरमध्ये बोलतो का? हा आकडा पंचनाम्यातून उचललेला आहे. वकील त्याला विचारेल, १५ मीटर तुम्ही कशाने मोजलं?

आता त्याला बोलू द्या. तो म्हणेल: 'मी बांधापासून दहा ओळी आत होतो. आरडाओरडा ऐकू आला. पानांमुळे बांध दिसत नव्हता. आवाजावरून ओळखलं, मालकाचा शेजारीच होता. तो म्हणाला, "तुले दखी लेसू". मग मी बाहेर आलो, तेव्हा मालक खाली बसले होते, डोक्यातून रक्त येत होतं. शेजार्‍याच्या हातात दांडका होता. मारताना मी पाहिलं नाही.'

हा जबाब कमजोर वाटतो, पण टिकतो तो हाच. यात काय ऐकलं, काय पाहिलं आणि कुठून, हे वेगवेगळं आहे. पंचनाम्यात दोन ओळींतलं अंतर पाच फूट मोजलेलं असेल, तर दहा ओळींचे पन्नास फूट, म्हणजे साधारण १५ मीटर, हे न्यायालय स्वतः काढेल. दोन्ही कागद एकमेकांना आधार देतील, कारण एकानेही दुसर्‍याचं काम केलेलं नाही.

'दखी लेसू' जसंच्या तसं, अवतरण चिन्हात, अहिराणीतच लिहा. त्याचं 'जिवे ठार मारण्याची धमकी' असं रूपांतर केलं, की भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ मध्ये शिक्षेची मर्यादा दोन वर्षांवरून सात वर्षांवर जाते. साक्षीदाराने न उच्चारलेल्या शब्दाने एवढा फरक पडता कामा नये. अर्थ विचारायचा असेल तर वेगळा प्रश्न विचारून त्याचं उत्तर लिहा.

विहिरीजवळून दुसर्‍याने घाव प्रत्यक्ष पाहिला असेल, तर तो त्याचा वेगळा जबाब. 'वरीलप्रमाणेच सांगतो' हे वाक्य मला सगळ्यात खटकतं. कायदा प्रत्येक माणसाची वेगळी आणि खरी नोंद मागतो. विहिरीवरून आणि बागेतून एकच दृश्य दिसूच शकत नाही, आणि दोन जबाबांत शब्दही तेच असले, तर दोन्ही साक्षीदार एकदम अडचणीत येतात. विहिरीवरच्या माणसाला मोटारखोलीचा दिवा लागला होता का, घाव मारणार्‍याचं तोंड कुणीकडे होतं, मध्ये काही आड येत होतं का, हे विचारून त्याच्याच शब्दांत घ्या.

आणि साक्षीदार कुठे उभा होता हे पहिल्या जबाबात राहून गेलं असेल, तर पंचनाम्यात ओळ घुसडू नका. त्याला पुन्हा बोलवा, ज्या तारखेला बोलवलं तीच तारीख घालून पुरवणी जबाब घ्या. राहिलेली महत्त्वाची गोष्ट हीसुद्धा विसंगती ठरू शकते, हे ध्यानात ठेवून उशीर मात्र करू नका.