मजकूर तयार करणारी सॉफ्टवेअर आणि अभ्यासक्रमातील लेखन

निबंध, स्वाध्याय, प्रकल्प अहवाल किंवा सेमिनार पेपर लिहिताना चॅटजीपीटीसारख्या सॉफ्टवेअरची मदत घेणे, आणि त्या मदतीपैकी कोणती चालते व कोणती गैरप्रकारात मोडते याबाबतचे नियम व संकेत. 30 नोव्हेंबर 2022 रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि हा प्रश्न महिन्या-दोन महिन्यांत जगभरच्या वर्गांत पोचला. त्याआधी सगळे प्रामाणिक होते असे मात्र नाही. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात मागच्या वर्षीचा प्रकल्प मुखपृष्ठ बदलून मिळत असे, आणि जर्नल एकमेकांचे पाहून उतरवणे हा तर प्रघातच होता. फरक असा पडला की उतरवलेल्या मजकुराचे मूळ कुठेतरी सापडायचे. सॉफ्टवेअरने दिलेला मजकूर त्या शब्दांत आधी कुठेच नसतो.

सीमा ठरवण्याची सर्वांत उपयोगी कसोटी म्हणजे त्या कामातून काय तपासायचे होते हे पाहणे. तीच मदत एका विषयात निर्दोष आणि दुसऱ्यात गैर ठरू शकते. भूगोलाच्या विद्यार्थ्याने इंग्रजी लेखाचे मराठी भाषांतर करवून घेऊन तो समजून घेतला, तर कोणी हरकत घेणार नाही. भाषांतराच्याच पेपरसाठी तसे केले तर ज्याची परीक्षा द्यायची ती गोष्टच दुसऱ्याकडून करून घेतल्यासारखे होते. त्यामुळे ‘एआय चालते का?’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणारे परिपत्रक सहसा फसते. शिक्षकाने प्रत्येक स्वाध्यायावर स्वतंत्र ओळ लिहिणे हाच त्यातल्या त्यात कामाचा उपाय आहे.

एक प्रकल्प, टप्प्याटप्प्याने

नव्या शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमांत फील्ड प्रोजेक्ट आला आहे. उदाहरणादाखल वाणिज्य शाखेच्या एका विद्यार्थिनीचा विषय घेऊ: ‘गावातील किराणा दुकानांवर यूपीआय व्यवहारांचा परिणाम’. तिला तीस दुकानांची पाहणी करायची आहे.

ती आधी सॉफ्टवेअरकडून प्रश्नावली मागते. मिळतात ते प्रश्न असे: तुम्ही यूपीआय वापरता का, समाधान एक ते पाचमध्ये सांगा, वगैरे. हे कुठल्याही गावाला चालतील असे आहेत. तिला मात्र ठाऊक आहे की दुकानात खरा व्यवहार उधारीच्या वहीवर चालतो, म्हणून ती ‘वही अजून ठेवता का, आणि उधारी फेडताना गिऱ्हाईक रोख देते की मोबाइलवर?’ असा प्रश्न घालते. इथवर सगळे ठीक आहे. मसुदा बाहेरून आला, तरी काय ठेवायचे आणि काय टाकायचे हा निर्णय तिचा आहे. नंतर तक्ता कसा मांडावा, टक्केवारीचे सूत्र एक्सेलमध्ये कसे लिहावे हे विचारणेही चालते. हाच प्रकल्प संख्याशास्त्राचा असता, तर ते सूत्र लिहिता येणे हाच तपासण्याचा भाग झाला असता.

अडचण पुढे येते. मुदत जवळ आली, दुकाने झाली अकरा. उरलेल्या एकोणीस दुकानांची उत्तरे ती सॉफ्टवेअरकडून ‘तयार’ करून घेते. हा उचलेगिरीहून मोठा अपराध आहे, कारण इथे नसलेली माहिती खरी म्हणून पुढे केली. ही उत्तरे तिने स्वतः बसून रचली असती तरी दोष तोच राहिला असता. सॉफ्टवेअरने फक्त ते काम पाच मिनिटांचे केले.

अनुभवी मार्गदर्शकाला हे पुष्कळदा ओळखू येते. रचलेल्या उत्तरांत कोणी ‘वेळ नाही, नंतर या’ म्हणत नाही. एकही रकाना रिकामा नसतो, कोणी भलतेच उत्तर देत नाही आणि समाधानाचे गुण तीन-चारभोवती घोटाळत राहतात. खऱ्या पाहणीत एखादा दुकानदार हमखास सांगतो की संध्याकाळी रेंज जाते म्हणून तो पैसे आल्याचा आवाज करणारा डबा बंदच ठेवतो. असे वाक्य घरबसल्या सुचत नाही. अकराच दुकाने झाली तर अहवालात अकराच लिहावीत आणि का ते सांगावे. त्याने दोन-चार गुण जातील, चौकशी लागणार नाही.

निष्कर्षाचे प्रकरण हा दुसरा निसरडा भाग. ‘डिजिटल व्यवहारांमुळे ग्रामीण अर्थव्यवस्थेत आमूलाग्र परिवर्तन घडून आले आहे’ हे वाक्य तिच्या तक्त्यातून निघत नाही. ते तक्ता नसतानाही लिहिता आले असते. विचार करून निष्कर्ष काढणे हाच प्रकल्पाचा गाभा असल्याने तो तयार मागवणे म्हणजे काम दुसऱ्याकडून करवून घेणेच होय. उलट, तिने स्वतः काढलेला निष्कर्ष सॉफ्टवेअरला देऊन ‘यात कुठे कच्चे राहिले आहे?’ असे विचारले आणि उत्तर वाचून स्वतः दुरुस्ती केली, तर ते मैत्रिणीला वाचायला देण्याइतकेच साधे आहे.

संदर्भसूचीत तर सॉफ्टवेअर हातोहात फसवते. लेखकाचे नाव, लेखाचे शीर्षक, नियतकालिक, खंड, पृष्ठे, सगळे अगदी खऱ्यासारखे असते आणि तसा लेख अस्तित्वातच नसतो. सॉफ्टवेअर पुढचा संभाव्य शब्द निवडत जाते, आणि कोणत्या नावापुढे कोणते शीर्षक शोभेल एवढे त्याला जमते. तसा लेख खरोखर आहे का हे मात्र त्याला ठाऊक नसते, त्यासाठी ग्रंथालयाच्या सूचीत पाहणे भाग असते. डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक, दिला असेल तर तो उघडून पाहावा, आणि उघडला तरी त्याखाली दुसराच लेख निघत नाही ना हेही पाहावे. न वाचलेला संदर्भ देणे पूर्वीही अप्रामाणिकच होते, आता ते पकडले जाणे सोपे झाले इतकेच.

भाषेची दुरुस्ती

सर्वांत वादाचा भाग हाच. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी विज्ञान किंवा कायद्याचा स्वाध्याय इंग्रजीत लिहितो तेव्हा विचार त्याचे आणि वाक्ये मोडकी असतात. सॉफ्टवेअर ती सरळ करून देते. शुद्धलेखन, व्याकरण, काळ आणि उपपदे यांची दुरुस्ती बहुतेक ठिकाणी चालते. परिच्छेद टाकून ‘हे चांगले लिहून दे’ म्हटल्यावर मात्र केवळ भाषा सुधारत नाही. उदाहरणे बदलतात, नवे दावे शिरतात, आणि ‘काही दुकानदारांनी सांगितले’चे ‘बहुसंख्य दुकानदारांचे मत आहे’ होते. दोन्ही मजकूर शेजारी ठेवून प्रत्येक बदल पाहिला, तर मदत भाषेची होती की आशयाची हे लगेच कळते. स्वतः मराठीत लिहून त्याचे इंग्रजी करून घेणारे विद्यार्थीही आहेत. इंग्रजी लेखनाला वेगळे गुण नसतील तर या वाटेत गैर काही नाही असे प्रस्तुत लेखकाला वाटते. मूळ मराठी मसुदा मात्र जपून ठेवावा.

मदत घेतल्याचे सांगणे हा सीमारेषेचा दुसरा भाग. इंटरनॅशनल बॅकालॉरिएट या मंडळाने 2023 मध्येच बंदी न घालता असा मजकूर इतर उद्धरणांप्रमाणे श्रेय देऊन वापरावा अशी भूमिका घेतली. चांगले निवेदन नेमके असते: ‘प्रश्नावलीचा पहिला मसुदा सॉफ्टवेअरकडून घेतला. त्यातील बारापैकी पाच प्रश्न ठेवले, बाकीचे बदलले. तिसऱ्या प्रकरणाचे व्याकरण तपासून घेतले. आकडे आणि निष्कर्ष माझे आहेत.’ ‘एआयची मदत घेतली आहे’ एवढ्यावर काहीच कळत नाही. जिथे वापरालाच मनाई आहे, तिथे निवेदन देऊनही दोष जात नाही.

नियम आणि टक्केवारीचा घोळ

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाची 2018 ची वाङ्मयचौर्यविषयक विनियमावली प्रसिद्ध आहे. साम्य 10 टक्क्यांपर्यंत असल्यास शिक्षा नाही, 10 ते 40 टक्क्यांना सुधारित प्रत, 40 ते 60 टक्क्यांना एक वर्ष प्रबंध सादर करण्यास मनाई आणि त्याहून अधिक असल्यास नोंदणी रद्द, अशा पायऱ्या तीत आहेत. पण ही विनियमावली पदव्युत्तर व संशोधन पातळीवरील प्रबंध आणि प्रकाशनांसाठी आहे. स्वाध्याय, प्रकल्प अहवाल, निबंध आणि उत्तरपत्रिका तिच्या व्याख्येतून वगळल्या आहेत. म्हणजे रोजच्या कामाची सीमा ठरवण्याचे काम विद्यापीठ, महाविद्यालय आणि शिक्षक यांच्याकडेच राहते.

शिवाय साम्याची टक्केवारी आणि ‘एआय’ची टक्केवारी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीत मजकूर कुठल्या लेखाशी जुळतो ते दाखवता येते, स्रोत उघडून पाहता येतो. दुसरी नुसता अंदाज असते: शब्दांची निवड किती अपेक्षित, किती सपाट आहे यावरून बांधलेला. तिच्यामागे दाखवायला मूळ प्रत नसते. ‘एआय 20 टक्के म्हणजे चोरी 20 टक्के’ असे म्हणणारे शिक्षक आणि विद्यार्थी दोघेही भेटतात, आणि दोघेही चुकतात.

या अंदाजांचा इतिहास फारसा विश्वास देणारा नाही. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचे ओळखयंत्र जुलै 2023 मध्ये अचूकता कमी म्हणून मागे घेतले. ते यंत्राने लिहिलेला मजकूर 26 टक्के वेळाच ओळखत होते आणि माणसाने लिहिलेल्यापैकी 9 टक्के मजकुरावर चुकीचा शिक्का मारत होते. मजकुरातील साम्य शोधणाऱ्या टर्निटिन या सॉफ्टवेअरने एप्रिल 2023 मध्ये अशी सोय आणली. अमेरिकेतील व्हॅन्डरबिल्ट विद्यापीठाने ती त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बंद केली, आणि तेव्हा साधा हिशेब मांडला: वर्षाला 75,000 निबंध तपासायचे आणि चूक फक्त एक टक्का धरली, तरी सुमारे 750 निबंधांवर खोटा आळ येईल. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात ओळखयंत्रांना इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेल परीक्षेतील 91 निबंध दिले, तर त्यांतील सरासरी निम्म्याहून अधिक यंत्राचे म्हणून ठरवले गेले. मोजका शब्दसंग्रह आणि साधी वाक्ये यंत्राला यांत्रिक वाटतात. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांचे इंग्रजी बहुधा त्याच साच्याचे असते, हे शिक्का मारण्याआधी लक्षात घ्यायला हवे.

म्हणून बरेच शिक्षक ओळखयंत्राच्या अहवालापेक्षा तोंडी परीक्षेवर भिस्त ठेवतात. ‘हा शब्द इथे का वापरलास?’, ‘सातव्या दुकानदाराने काय सांगितले?’ असे दोन-तीन प्रश्न पुरतात. घाबरून गप्प बसणारा प्रत्येक जण दोषी नसतो, त्यामुळे सोबत कच्चे मसुदे, भरलेल्या प्रश्नावल्या आणि गूगल डॉक्समधील बदलांचा इतिहास पाहणे बरे. तासाभरात आठ पानांचा मजकूर एकगठ्ठा चिकटवला असेल तर त्या इतिहासात तो दिसतो. पण तिथेही आधी वहीत लिहिले होते का, हे विचारायलाच हवे.

शिक्षेच्या बाबतीत पुराव्याचा हा प्रश्न 2024 मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयात पोचला. सोनीपतच्या एका खासगी विद्यापीठात कायद्याच्या एलएलएम या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याची उत्तरे 88 टक्के एआयनिर्मित असल्याचे ठरवून त्याला नापास करण्यात आले होते. उत्तरे आपली स्वतःची आहेत, एआयचा वापर म्हणजे वाङ्मयचौर्य असे सांगणारा स्पष्ट नियमही विद्यापीठाने केलेला नाही, असे त्याचे म्हणणे होते. सुनावणी चालू असतानाच विद्यापीठाने त्याच्या बाजूने निर्णय घेतल्याने याचिका निकाली निघाली आणि मूळ प्रश्नावर न्यायालयाला मत द्यावे लागले नाही.