टेबलबेस म्हणतो जिंकलंय, पण जिंकायचं कसं?

कुठल्याही मोठ्या चेस स्पर्धेचं लाईव्ह बघताना एक गोष्ट हमखास दिसते. पटावर सहा-सात सोंगट्या उरल्या की बाजूला टेबलबेसचा निकाल झळकतो, ‘विन’ नाहीतर ‘ड्रॉ’, आणि लगेच कमेंट्स सुरू, की अरे हे तर सिद्ध झालेलं आहे, ग्रँडमास्टर असून एवढं जमत नाही? मला या कमेंट्सचा खरंच राग येतो, कारण टेबलबेसने नेमकं काय सिद्ध केलंय हे समजून घेतलं ना, तर कळतं की त्या एका शब्दावरून पुढची चाल निवडता येईलच असं अजिबात नाही.

टेबलबेस म्हणजे इंजिन नव्हे. इंजिन पुढे विचार करतं आणि अंदाज देतं. टेबलबेसमध्ये अंदाज नसतोच, दोन राजे धरून सात सोंगट्यांपर्यंतच्या जवळजवळ प्रत्येक स्थितीचं उत्तर आधीच काढून ठेवलेलं असतं. आज सगळीकडे जो वापरतात तो सिझिजी, त्याचा सात सोंगट्यांचा संच २०१८ मध्ये पूर्ण झाला आणि तो साधारण १७ टेराबाइटचा आहे. (यावरून ‘कॉम्प्युटरने चेस सोडवलं’ असे जे व्हिडिओ फिरतात ते सरळ खोटं बोलतात. सात सोंगट्या सोडवल्यात, खेळ सुरू होतो बत्तीस सोंगट्यांनी.)

आता हे उत्तर काढतात कसं, हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे, त्यामुळे इथे जरा थांबतो.

वजीर विरुद्ध हत्ती घ्या. पांढऱ्याकडे राजा आणि वजीर, काळ्याकडे राजा आणि हत्ती, बाकी पट रिकामा. चार सोंगट्या ६४ घरांत ठेवायच्या म्हणजे ६४ चा चौथा घात, १ कोटी ६७ लाखांच्या वर मांडण्या. पण प्यादं नसल्यामुळे पट फिरवला किंवा आरशात बघितला तरी स्थिती तीच राहते, म्हणून एक राजा फक्त १० घरांत ठेवून भागतं आणि आकडा २६ लाखांवर येतो. चाल कोणाची आहे त्यानुसार दुप्पट करा. आजच्या फोनलाही हे काहीच नाही.

गंमत अशी की यात पुढे बघतच नाहीत, उलटं मागे जातात. आधी ज्या स्थितींमध्ये काळ्यावर मात झालेलीच आहे किंवा हत्ती मारून पुढची मात ठरलेली आहे त्या सगळ्यांवर खूण करायची. मग विचारायचं की पांढऱ्याची चाल असताना अशा कुठल्या स्थिती आहेत जिथून एका चालीत या खुणेपर्यंत पोचता येतं? त्या सगळ्या ‘एका चालीत जिंकलं’. मग काळ्याची चाल असलेल्या स्थिती बघायच्या आणि इथे नियम बदलतो, हे नीट लक्षात घ्या. पांढऱ्याला जिंकायला एक चांगली चाल पुरते, पण काळा हरला असं लिहायला त्याची प्रत्येक कायदेशीर चाल हरणाऱ्या स्थितीत जायला हवी, एकही वाट उघडी असेल तर खूण करायची नाही. असं एक पाऊल पांढऱ्याचं, एक काळ्याचं, करत करत मागे जायचं, आणि ज्या फेरीत एकही नवी खूण होत नाही तिथे थांबायचं. आणि ड्रॉ? ड्रॉ कोणी शोधतच नाही! दोन्हीकडून खुणा करून झाल्यावर ज्या स्थिती कोऱ्या राहिल्या, त्या ड्रॉ.

म्हणजे ‘विन’ याचा अर्थ समोरच्याने काहीही केलं तरी तुमच्याकडे प्रत्येक वेळी निदान एक चाल आहे. ती शोधायला सोपी आहे की अवघड, माणसाला सुचेल की नाही, याबद्दल त्या खुणेत एक अक्षर नाही. ‘ड्रॉ’चंही तसंच, प्रत्येक वळणावर निदान एक वाट उघडी आहे एवढंच.

वजीर विरुद्ध हत्तीत हे फार स्पष्ट दिसलं. पुस्तकं आधीपासून सांगत होती की वजीर जिंकतो. केन थॉम्प्सनने, युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्यांपैकी एक तोच, सत्तरच्या दशकात याचा डेटाबेस केला आणि उत्तर आलं की सगळ्यात वाईट स्थितीतूनही हत्ती जास्तीत जास्त ३१ चालींत मिळतो. मग वॉल्टर ब्राउन, सहा वेळा अमेरिकेचा चॅम्पियन झालेला ग्रँडमास्टर, वजीर घेऊन डेटाबेसविरुद्ध बसला, ३१ चालींत जिंकता येईल अशी स्थिती आणि हातात ५० चाली. नाही जमलं. मग त्याने अभ्यास केला, पुन्हा बसला, आणि बरोबर पन्नासाव्या चालीत हत्ती मारला. सिद्ध झालेल्या स्थितीत, सगळी माहिती समोर असताना, एवढा मोठा खेळाडू कसाबसा काठावर! त्याला अडचण अशी आली की पुस्तकं सांगतात हत्ती राजाच्या जवळ ठेवा, आणि कॉम्प्युटर तो खुशाल लांब न्यायचा, कारण तिथे वजिराला लगेच दुहेरी मारा मिळत नाही हे त्याला पक्कं माहीत असायचं.

५० का, तर ५० चालींचा नियम. दोन्ही बाजूंच्या ५०-५० चाली प्यादं न हलता आणि काही न मारता गेल्या की खेळाडू ड्रॉ मागू शकतो. आणि माझ्या मते चाल निवडताना महत्त्वाचा आकडा ३१ नाहीच, ५० वजा ३१ म्हणजे १९ हा आहे. म्हणजे सगळ्यात वाईट सुरुवातीतूनसुद्धा तुमच्याकडे १९ चाली शिल्लक आहेत. मग टेबलबेसची पहिल्या नंबरची चाल हवीच कशाला? तुम्हाला ओळखीची असलेली, पुढचं दिसत असलेली चाल पाच चाली लांबची असली तरी तीच खेळा. आकडा १८ वरून २२ वर गेला तर ती चूक नव्हे, थोडी शिल्लक खर्च झाली इतकंच. चूक म्हणजे ‘विन’चं ‘ड्रॉ’ होणं.

ओळखीची म्हणजे कशी ते दाखवतो, पट काढा. पांढरा राजा c6, वजीर a5. काळा राजा b8, हत्ती b7. ही फिलिडोरची स्थिती, अठराव्या शतकापासून माहीत असलेली. इथे काळ्याची चाल असेल तर त्याची वाट लागते, कारण हत्तीला राजा सोडून जावं लागतं. हत्ती b1 ला गेला समजा. वजीर d8 वर शह, राजा a7. वजीर d4 वर शह, राजा b8. वजीर h8 वर शह, राजा a7. आता वजीर h7 वर, राजाला शह आणि त्याच वेळी तिरक्या रेषेत b1 वरच्या हत्तीवर मारा, हत्ती गेला. हत्ती b3 ला गेला असता तर सुरुवात तीच, पण h8 ऐवजी f4 वर शह आणि मग a4 वर दुहेरी मारा. राजानेच c8 ला पळायचं ठरवलं तर वजीर a6, हत्ती पिन, खेळ खलास.

पण चाल पांढऱ्याची असेल तर? तेव्हा वजिराची पाळी वाया घालवायची असते. e5 वर शह, राजा a7, मग a1 वर शह, राजा b8, आणि वजीर परत a5 ला. स्थिती तीच, चाल आता काळ्याची. टेबलबेससाठी या तीन चाली म्हणजे फक्त आकड्यातला फरक, खेळणाऱ्याला मात्र इथेच सगळं कळतं, की आपण कुठे पोचायचंय. म्हणून मी म्हणतो टेबलबेसच्या चाली पाठ करू नका, अशा दोन-तीन स्थिती पाठ करा आणि त्यांच्याकडे चालत राहा.

आणखी एक घोटाळा होतो तो ‘पहिल्या नंबरची चाल’ या कल्पनेत. सिझिजी मात होईपर्यंतचं अंतर मोजतच नाही, तो पुढच्या माऱ्यापर्यंत किंवा प्याद्याच्या चालीपर्यंतचं अंतर मोजतो, कारण त्याला ५० चालींचा हिशोब ठेवायचा असतो. त्यामुळे तुमच्याकडे वजीर आणि प्यादं आहे, समोर एकटा राजा, दोन चालींत मात होतेय, तरी त्याच्या यादीत प्यादं एक घर ढकलणं सगळ्यात वर दिसू शकतं, का तर त्याने मोजणी लगेच शून्यावर येते. नलिमोव्हचा जुना टेबलबेस मात होईपर्यंतचं अंतर मोजायचा पण ५० चालींचा नियम धरायचा नाही. दोघंही बरोबर, प्रश्न वेगळे. दोन उंट विरुद्ध एकटा घोडा यात घोडा मिळवायला कधीकधी ६६ चाली लागतात. थॉम्प्सनने १९८३ मध्ये हे दाखवेपर्यंत त्यातल्या काही स्थिती ड्रॉ समजल्या जायच्या. आता त्या जिंकलेल्या आहेत हे सिद्ध आहे, आणि स्पर्धेत समोरचा नीट खेळून ५० नंतर ड्रॉ मागेल हेही तितकंच खरं.

मग सगळ्याच चाली ‘ड्रॉ’ असतील तेव्हा काय करायचं? हत्ती आणि उंट विरुद्ध हत्ती घ्या. नेहमीच्या बहुतेक स्थिती ड्रॉ आहेत, तरी भलेभले इथे हरतात. टेबलबेस तुमच्या डझनभर चालींना एकच रंग देतो आणि गप्प बसतो. घरी अभ्यास करताना मी असं करतो, की प्रत्येक ड्रॉवाली चाल पटावर करून बघायची आणि आता समोरच्याच्या यादीत किती चाली ड्रॉ टिकवतात ते मोजायचं. एका चालीनंतर त्याच्याकडे नऊ चांगली उत्तरं आहेत आणि दुसरीनंतर एकच, तर दुसरी खेळा. मात्र नुसत्या मोजणीवर जाऊ नका. तुम्ही हत्ती फुकट मारायला ठेवला तरी यादीत ‘एकच चांगली चाल’ दिसू शकते, ती कोणालाही सापडते. ते एकमेव उत्तर मागे जाणारं, कोपऱ्याकडे जाणारं, दिसायला भित्रं असेल तरच खरा दबाव आहे. आणि बचाव तुम्ही करत असाल तर हेच उलटं, आत्ताची चाल टिकते एवढं पुरत नाही, पुढच्या वळणावर तुमच्यासाठी तीन-चार वाटा उघड्या राहतील अशी चाल शोधायची, कारण घड्याळात तीस सेकंद असताना एकुलती एक वाट प्रत्येक वेळी सापडेलच असं नसतं.